सरासरीचा वर्ग नव्हे, वर्गांची सरासरी

पुठ्ठ्याच्या दोन चकत्या घ्यायच्या, दोन्हींचा व्यास ४ सेंटीमीटर. एक कागदावर घट्ट चिकटवायची आणि दुसरीच्या कडेवर शाईचा एक ठिपका द्यायचा. ठिपका पहिल्या चकतीला टेकलेला असताना सुरुवात करायची आणि दुसरी चकती न घसरू देता पहिलीच्या कडेकडेने गडगडवत न्यायची. एक फेरी पूर्ण होईपर्यंत ठिपक्याने कागदावर जी वाट आखलेली असते, ती एका बाजूला गोलसर फुगलेली आणि दुसऱ्या बाजूला आत टोकदार खाच पडलेली असते. हीच कार्डिऑइड. डेन्मार्कचा खगोलशास्त्रज्ञ ओले रोमर १६७४ साली दातेरी चाकांच्या दात्यांचा आकार कसा असावा याचा विचार करताना या वक्राकडे वळला होता. कार्डिऑइड हे नाव मात्र बरेच नंतर, १७४१ साली, कास्तियोन या गणितज्ञाने दिले.

या वक्राने कागदाचा किती भाग वेढला, हा प्रश्न इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणितात हमखास भेटतो. उत्तर एका ओळीत लिहिता येते. ते तसेच का येते, हे मात्र पाठ केलेल्या सूत्रात दिसत नाही.

खाचेचे टोक हा केंद्रबिंदू धरू. तिथून निरनिराळ्या दिशांना पट्टी ठेवून वक्रापर्यंतचे अंतर मोजत जाऊ. फुगवट्याच्या दिशेला, म्हणजे ० अंशावर, अंतर ८ सेंटीमीटर भरते, कारण तिथे दोन चकत्यांचे दोन व्यास एकापुढे एक येतात. काटकोनात, ९० अंशांवर, ते ४ सेंटीमीटर असते आणि बरोबर उलट दिशेला, १८० अंशांवर, शून्य. मधल्या सगळ्या दिशांचा हिशेब एकच नियम सांगतो:

r = 4(1 + cos θ)

इथे r हे अंतर आणि θ ही दिशा. चकतीच्या मापाप्रमाणे ४ च्या जागी दुसरा आकडा येतो आणि पुस्तकात त्याला a म्हणतात. वक्राचे वर्णन असे अंतर आणि दिशेने केले, की त्याला ध्रुवीय निर्देशकांतले समीकरण म्हणतात.

आता पहिला मोह होतो तो सरासरी काढण्याचा. अंतर ८ पासून शून्यापर्यंत बदलते, cos θ जितका धन असतो तितकाच ऋण असतो, तेव्हा पूर्ण फेरीत अंतराची सरासरी नेमकी ४ सेंटीमीटर येते. मग ४ सेंटीमीटर त्रिज्येच्या वर्तुळाइतकेच क्षेत्रफळ असणार, म्हणजे 16π, सुमारे ५०.३ चौरस सेंटीमीटर. ऐकायला पटते, पण हा वक्र आलेखाच्या कागदावर काढून चौकोन मोजले तर ते ७५ च्या आसपास भरतात. पंचवीस चौकोनांची तूट मोजण्यातल्या चुकीच्या खात्यावर टाकता येणार नाही.

तूट कुठून आली हे कळण्यासाठी आकृतीचे थालीपिठासारखे, मध्यापासून कडेपर्यंत, तुकडे पाडावे लागतात. एका तुकड्याचा कोन अगदी लहान असेल तर त्याची बाहेरची कड जवळजवळ वर्तुळाची कमान असते. r त्रिज्येच्या पूर्ण वर्तुळाचे क्षेत्रफळ πr². पूर्ण फेरीचा कोन 2π रेडियन. म्हणून dθ एवढ्या कोनाच्या तुकड्याच्या वाट्याला त्यातले ½ r² dθ येते. सूत्रातला तो अर्धा, जो परीक्षेत बरेचदा विसरला जातो, तो इथून येतो.

मुख्य गोष्ट अशी, की तुकड्याचे क्षेत्रफळ अंतराच्या नव्हे, अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८ सेंटीमीटर लांबीचा तुकडा ४ सेंटीमीटरच्या तुकड्याच्या दुप्पट नसतो, चौपट असतो. फुगवट्याकडचे लांब तुकडे जेवढे कमावतात, तेवढे खाचेकडचे आखूड तुकडे गमावत नाहीत. अंतरांची सरासरी काढून मग वर्ग केला, तर ही सगळी कमाई हिशेबातून गळते. आधी वर्ग करायचा, मग त्या वर्गांची सरासरी काढायची आणि तिला π ने गुणायचे. ध्रुवीय क्षेत्रफळाचे संकलन, म्हणजे वर्गात ज्याला इंटिग्रेशन म्हणतात ते, नेमके हेच काम करते:

A = ½ ∫ r² dθ, θ = 0 ते 2π

r च्या जागी आपला नियम घालून वर्ग केला की तीन पदे मिळतात:

r² = 16(1 + 2cos θ + cos² θ)

पहिल्या पदाची सरासरी १. दुसऱ्याची शून्य, कारण फेरीच्या एका अर्ध्यात जमलेले दुसऱ्या अर्ध्यात फिटते. तिसरे पद वर्ग असल्याने कधीच ऋण होत नाही, त्यामुळे तिथे काहीच फिटत नाही. त्याची सरासरी काढायला सूत्र आठवायचीही गरज नाही. cos² θ आणि sin² θ यांची बेरीज नेहमी १ असते आणि पाव फेरी सरकवली की एकाचा आलेख दुसऱ्यावर तंतोतंत बसतो. म्हणजे दोघांची सरासरी सारखी, प्रत्येकी अर्धी. एकूण 16 × 1.5 = 24, आणि क्षेत्रफळ 24π, सुमारे ७५.४ चौरस सेंटीमीटर. अक्षरांत लिहायचे तर (3/2)πa². पहिल्या अंदाजात जो एक तृतीयांश भाग हरवला होता, तो पूर्णच्या पूर्ण या cos² च्या पदात होता.

हे संकलनाशिवाय, पट्टी आणि कोनमापकाने पडताळता येते. दर ३० अंशांवर एक, अशा बारा रेषा काढू. अंतरे अशी येतात: ० अंशावर ८, ३० वर ७.४६, ६० वर ६, ९० वर ४, १२० वर २, १५० वर ०.५४ आणि १८० वर शून्य. खालच्या अर्ध्यात मधले पाच आकडे तसेच पुन्हा येतात. आता वर्ग: ६४, ५५.७१, ३६, १६, ४, ०.२९ आणि शून्य. मधल्या पाचांची बेरीज ११२, ती दोनदा म्हणजे २२४, त्यात ६४ मिळवले की २८८. बारांनी भागले तर २४.

बारा रेषांनी अंदाजे उत्तर यायला हवे होते, आले मात्र तंतोतंत. एवढेच काय, ०, १२० आणि २४० अंश अशा तीनच रेषा घेतल्या तरी वर्ग ६४, ४ आणि ४ येतात, बेरीज ७२, सरासरी पुन्हा २४. याचे कारण म्हणजे r² मध्ये cos θ आणि cos 2θ यांच्यापेक्षा वेगाने बदलणारे काहीच नाही आणि सारख्या अंतरावरच्या तीन रेषांवर या दोघांचीही बेरीज शून्य होते. दोनच रेषा घेतल्या की हे बिघडते: ६४ आणि शून्य यांची सरासरी ३२. हा गुण कार्डिऑइडच्या साधेपणाचा आहे. वाटेल त्या वाकड्यातिकड्या आकृतीला तीन रेषांत मोजायला गेले तर फसगत होईल.

संकलन करताना चुका ठरलेल्या जागी होतात आणि चुकीचा आकडाच बहुतेकदा चुकीची जागा दाखवतो. हा वक्र ९ सेंटीमीटर लांब आणि सुमारे १०.४ सेंटीमीटर उंच चौकटीत मावतो, म्हणजे उत्तर ९३.५ च्या वर जाऊच शकत नाही. 48π, म्हणजे दीडशेच्या वर उत्तर आले, तर अर्धा विसरला. 12π आले, तर कोन शून्यापासून π पर्यंतच फिरवला आणि मोजला गेला तो फक्त वरचा अर्धा भाग. 16π आले, तर वर्ग करताना cos² चे पद सुटले. उत्तर ४३२० आले, तर रेडियनच्या जागी अंश वापरले.

चकत्यांकडे परत पाहिले तर याच उत्तराचे आणखी एक रूप दिसते. गडगडणाऱ्या चकतीची त्रिज्या २ सेंटीमीटर, म्हणून तिचे क्षेत्रफळ 4π. वक्राचे क्षेत्रफळ त्याच्या बरोबर सहापट. चकती केवढीही घेतली तरी हे सहापट बदलत नाही.

याच आकृतीवर माइकवाल्यांचा धंदा चालतो. गायकाच्या हातातला माइक बहुधा कार्डिऑइड जातीचा असतो. समोरून आलेला आवाज तो पूर्ण घेतो, बाजूने आलेला अर्धा आणि मागून आलेला जवळजवळ नाही. सूत्रात, दिशेनुसार त्याची पकड (1 + cos θ)/2 एवढी असते. ध्वनीची ऊर्जा मात्र या पकडीच्या वर्गाने मोजली जाते, म्हणून इथेही वर्गांची सरासरीच हवी. सगळे आवाज एकाच सपाटीवरून येत असतील, तर ती सरासरी ३/८ येते, म्हणजे क्षेत्रफळाच्या संकलनातलेच १.५, चाराने भागलेले.

पण सभागृहातला घुमारा वरून, खालून, सगळीकडून येतो. अवकाशात समोरची दिशा एकच असते, काटकोनातल्या दिशांचे मात्र पूर्ण कडे असते. म्हणून प्रत्येक कोनाला sin θ एवढे वजन द्यावे लागते, आणि मग सरासरी ३/८ न राहता १/३ होते. सर्व दिशांनी सारखेच ऐकणाऱ्या माइकच्या तुलनेत हा माइक घुमाऱ्याची एक तृतीयांश ऊर्जा पकडतो. थेट आवाजाची ऊर्जा अंतराच्या वर्गाने घटते, त्यामुळे तेवढ्याच स्पष्टतेसाठी तो √3 पट, सुमारे १.७ पट दूर ठेवता येतो. दुसरा माइक तोंडापासून १० सेंटीमीटरवर ठेवावा लागत असेल, तर हा १७ वर चालतो. अर्थात हे आदर्श आकृतीचे गणित. खऱ्या माइकची आकृती जाड आणि बारीक स्वरांना वेगवेगळी असते.

माइकच्या माहितीपत्रकात छापलेल्या आकृतीचे क्षेत्रफळ मात्र थेट मोजता येत नाही. ती डेसिबलच्या मापाने काढलेली असते. अर्धी पकड म्हणजे ६ डेसिबलची घट. बाहेरचे वर्तुळ शून्याचे आणि केंद्र उणे ३० डेसिबलचे असेल, तर ही घट केंद्रापासून निम्म्या अंतरावर न दिसता ऐंशी टक्क्यांवर दिसते आणि आकृती खऱ्यापेक्षा बरीच गुबगुबीत वाटते. मागच्या बाजूला उणे २० ची खूण असेल, तर ती केंद्रापासून एक तृतीयांश अंतरावर पडते, पण तिथली पकड असते एक दशांश आणि ऊर्जेच्या बेरजेत धरायचा आकडा एक शतांश.