लग्नपत्रिकेचा फोटो आणि कॅलेंडरातली नोंद

लग्नपत्रिका आता बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर फोटो होऊनच येते. गूगल लेन्ससारख्या सोयीने त्या फोटोतला मराठी मजकूर उचलता येतो आणि कॅलेंडरात टाकता येतो. यात कामं दोन असतात. आधी चित्रातली अक्षरं ओळखायची, मग त्यांतली तारीख कोणती, स्थळ कोणतं, यजमान कोण हे ठरवायचं. पहिल्या कामातली चूक दुसऱ्यात सहसा पकडली जात नाही, कारण चुकलेली तारीखसुद्धा तारखेसारखीच दिसते.

लाल कागदावरची सोनेरी छपाई फ्लॅशमध्ये चमकते आणि आकडा अर्धा पुसल्यासारखा होतो. म्हणून छापील पत्रिका सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, बरोबर वरून फोटो काढावा. तरीही वळणदार टाइपात १ आणि ९ यांची गल्लत होतेच.

समजा, पत्रिकेवर छापलंय: ‘मिती वैशाख शु. १३ शके १९४८, बुधवार दि. २९ एप्रिल २०२६ रोजी दुपारी १२ वाजून ३५ मिनिटे या शुभमुहूर्तावर’. फोनने २९ ऐवजी २१ वाचलं. आता वार बघा. २१ एप्रिल २०२६ ला मंगळवार येतो, पत्रिका तर बुधवार म्हणते. म्हणजे काहीतरी चुकलंय हे तिथेच कळलं. एकं स्थानी १ आणि ९ यांची अदलाबदल झाली की तारीख आठ दिवसांनी सरकते, त्यामुळे वार एकाने हलतोच. वार दगा देतो तो फक्त चूक सात दिवसांच्या पटीत असली तर, जसं २ चं ९ झालं तर. तेव्हा तिथी मदतीला येते. २१ तारखेला वैशाखातली चंद्रकोर पंचमीच्या आसपास असते, त्रयोदशी अजून आठवडाभर लांब. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत हे पाहायला क्षणभर पुरतो. शकाचंही तसंच: गुढीपाडव्यानंतरच्या तारखेला शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि १९४८ चे २०२६ होतात. तारीख, वार आणि तिथी-शक अशी तिहेरी साक्ष आपली पत्रिका स्वतःच देते, आणि मला तिचा हा गुण फार मोलाचा वाटतो. फोनने एवढी साक्ष वाचूनही त्यातली तारीख तेवढी उचलावी आणि बाकीचं टाकून द्यावं, हे नुकसान आहे.

वेळेचं म्हणाल तर मुहूर्त म्हणजे अक्षता पडण्याची घटका, पोहोचण्याची वेळ नव्हे. नोंद मुहूर्ताचीच करावी आणि आठवण तासभर आधीची लावावी. आदल्या संध्याकाळचं सीमांतपूजन आणि रात्रीचा स्वागत समारंभ यांच्या नोंदी वेगळ्या हव्यात. ‘सायं. ७ वा.’ मधला ‘सायं.’ सुटला तर स्वागत समारंभ सकाळी सातला जाऊन बसतो.

यजमान शोधणं सगळ्यांत अवघड, कारण पत्रिकेवर वीस-पंचवीस नावं सहज असतात. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ या ओळीनंतर ‘आमची ज्येष्ठ कन्या’ आलं, तर पत्रिका मुलीकडची. ‘चि. सौ. कां.’ मागचं नाव वधूचं, नुसत्या ‘चि.’ मागचं वराचं. बोलावणारी माणसं बहुधा खाली ‘आपले नम्र’ किंवा ‘निमंत्रक’ या शब्दांखाली सापडतात. ‘कै.’ लागलेलं नाव आजोबांचं असतं आणि ‘यांची नात’ एवढ्यासाठीच तिथे येतं. आंधळेपणाने नावं उचलली तर दिवंगत आजोबा यजमानांत येतात. शेवटी ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी किलबिल मंडळीही निमंत्रकांत मोजायची नाहीत.

पत्तेही दोन असतात. निवासस्थानाखाली पिनकोड आणि मोबाइल नंबर असा पूर्ण पत्ता दिसतो, म्हणून तोच उचलला जातो. हवा असतो तो ‘विवाहस्थळ’ या शब्दापुढचा. कार्यालयांना बहुधा देवांची नावं असतात आणि एकाच नावाची कार्यालयं अनेक गावांत असतात, तेव्हा गाव आणि तालुका नावाला जोडूनच लिहावा.

कॅलेंडरच्या फाइलीत या लग्नाच्या मुख्य ओळी अशा दिसतील:

```
SUMMARY:मामेबहिणीच्या मुलीचं लग्न
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20260429T123500
LOCATION:कार्यालय\, गाव\, तालुका\, जिल्हा
DESCRIPTION:निमंत्रक: वधूचे आईवडील
```

पहिल्या ओळीतलं नातं पत्रिकेवर नसतं, ते आपणच घालायचं. दुसऱ्या ओळीतलं `Asia/Kolkata` परदेशातल्या नातेवाइकांनी मुद्दाम तपासावं. न्यू जर्सीत बसून नोंद केली आणि हे राहिलं, तर कॅलेंडर १२:३५ ही तिथलीच वेळ समजतं आणि भारतात उतरल्यावर मुहूर्त रात्री १०:०५ चा दाखवतं. नीट भरलं, तर अक्षता ऑनलाइन बघणाऱ्या तिथल्या मावशीला कॅलेंडरात वेळ दिसेल पहाटे ३:०५, तारीख तीच, २९ एप्रिल.