महागला, तरी भातच वाढला

1895 साली एक वाक्य अर्थशास्त्राच्या सर्वात मानाच्या पुस्तकात शिरले आणि पुढची शंभराहून जास्त वर्षे पुराव्यावाचून तिथेच राहिले. पुस्तक आल्फ्रेड मार्शल यांचे. मागणीचा नियम त्यांनीच घट्ट बसवला होता: भाव वाढला की खप घटतो. तिसऱ्या आवृत्तीत मात्र त्यांनी त्या नियमाला एक अपवाद जोडला. पाव महागला की इंग्लंडमधल्या गरीब मजुरांच्या खिशाला एवढी कात्री लागते, की मांस आणि इतर महाग पदार्थ सोडून ते पाव कमी नव्हे, उलट जास्त खातात. हे निरीक्षण सर रॉबर्ट गिफेन या स्कॉटिश संख्याशास्त्रज्ञाचे, असे मार्शल यांनी लिहिले. त्यावरून अशा वस्तूला गिफेन वस्तू म्हणतात.

पुढे 1947 साली जॉर्ज स्टिग्लर यांनी गिफेन यांचे लेखन चाळून पाहिले. ते विधान त्यांना कुठेच सापडले नाही. अपवाद सगळ्यांना पाठ होता, पण तो कोणी पाहिला होता याचा मागमूस नव्हता.

असे काही घडू शकते का, याचे गणित मात्र तोवर सुटलेले होते, आणि तेही अगदी आडबाजूला. येवगेनी स्लुत्स्की हा कीवचा तरुण. विद्यार्थी चळवळीत भाग घेतला म्हणून विद्यापीठातून काढून टाकलेला. 1915 साली त्याने एका इटालियन अर्थशास्त्रीय मासिकात ग्राहकाच्या खर्चावर निबंध छापला. पहिले महायुद्ध पेटलेले, लेखक रशियन, भाषा इटालियन आणि मजकूर सगळा गणिताचा. कोणी वाचलाच नाही. 1934 साली जॉन हिक्स आणि रॉय ॲलन यांनी लंडनमध्ये तेच उत्तर स्वतंत्रपणे शोधले. त्यानंतर त्यांना कळले की एकोणीस वर्षांपूर्वी कोणी तिथवर पोचले होते. त्यांनी ते मोकळेपणाने मान्य केले, आणि हिक्स यांनी त्या समीकरणाला स्लुत्स्कीचेच नाव दिले.

ते उत्तर समजून घ्यायला कीवला किंवा लंडनला जायची गरज नाही. पुण्याहून पौडच्या वाटेने पिरंगुट ओलांडले की कासार आंबोली येते. मुळशीचा हा पट्टा भाताचा, घरोघरी ताटात भातच मुख्य. तिथे एक भूमिहीन मजुराचे घर कल्पनेने उभे करू. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेले आहेत. महिन्याला जेवणखाणावर 3,000 रुपये. जाडा तांदूळ 30 रुपये किलो. डाळ, भाजी, अंडी यांचा एकत्र भाव सरासरी 90 रुपये किलो. सगळ्यांचे पोट भरायला महिन्याला मिळून 60 किलो अन्न लागते. हिशेब एकाच तऱ्हेने जुळतो: 40 किलो तांदूळ 1,200 रुपयांचा आणि 20 किलो डाळभाजी 1,800 रुपयांची.

आता तांदूळ 40 रुपये किलो झाला. आधीचेच सामान आणायला 3,400 रुपये लागतील. म्हणजे पगार तेवढाच असून हे घर 400 रुपयांनी गरीब झाले.

स्लुत्स्कीची युक्ती इथे आहे. त्याने विचारले, क्षणभर ते 400 रुपये या घराच्या हातात ठेवले तर काय होईल? जुने ताट परवडते, गरिबी वाढलेली नाही, फक्त तांदूळ डाळभाजीच्या तुलनेत महाग झालेला आहे. अशा वेळी माणूस महागलेल्या वस्तूकडून थोडा दुसरीकडे वळतो. समजा एकूण अन्न किलोभर कमी चालवून घेतले, तांदूळ 40 वरून 38 किलोवर आला आणि डाळभाजी जवळजवळ 21 किलो झाली. हा झाला पर्यायता परिणाम. तो कधीही उलट्या दिशेला जात नाही, हेच स्लुत्स्कीने सिद्ध केले. निव्वळ तुलनेने महाग झाले म्हणून एखाद्या वस्तूचा खप वाढू शकत नाही.

मग ते 400 रुपये परत काढून घ्या. आता घर खरोखर गरीब झाले. सर्वात महाग काय, तर डाळभाजी, तिथे कात्री लागते. पण पोट तर भरायला हवे, आणि 40 रुपये झाला तरी तांदूळ डाळभाजीपेक्षा निम्म्याहून स्वस्तच आहे. म्हणून तांदूळ 38 वरून 46 किलोवर जातो आणि डाळभाजी 13 किलोच्या आत येते. हा उत्पन्न परिणाम. दोन किलो घटले, आठ किलो वाढले. भाव चढल्यावर तांदूळ 40 वरून 46 किलो झाला.

मिळकत घटली की जिचा खप वाढतो ती हलक्या प्रतीची वस्तू. अशा वस्तू खूप आहेत. पण त्यातली गिफेन वस्तू क्वचितच होते, कारण उत्पन्न परिणामाने पर्यायता परिणामाला नुसते अडवून भागत नाही, त्याच्या पुढे जावे लागते. त्यासाठी ती वस्तू खर्चाचा मोठा भाग खाणारी हवी, आणि पोट भरायला तिच्याहून स्वस्त दुसरे काही नको. काडेपेटी दुप्पट महागली तरी कोणाचे घर गरीब होत नाही, म्हणून काडेपेटी कधीच गिफेन वस्तू होणार नाही.

गणित झाले, आता माणसे कुठे शोधायची? 1960च्या दशकात पाठ्यपुस्तकांनी आयर्लंडचा बटाटा पुढे केला. 1845 नंतरच्या दुष्काळात बटाटा महागला आणि गरिबांनी तोच जास्त खाल्ला, असे पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले. हे उदाहरण टिकणारे नव्हते. करप्याने बटाटा शेतातच कुजला होता. जो बटाटा देशात उरलाच नाही, तो सगळा देश जास्त कसा खाणार?

महाराष्ट्राच्या खेड्यांतही या प्रश्नाच्या जवळ जाणारे काम झाले. शंकर सुब्रमणियन आणि पुढे नोबेल मिळवलेले अँगस डीटन यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीची 1983ची ग्रामीण महाराष्ट्रातली माहिती तपासली. 563 गावे, 5,630 घरे. तिथली ज्वारी पाहण्यासारखी आहे. घरखर्च वाढला तरी ज्वारीचा खप जवळपास जागचा हलत नव्हता, आणि भाव वाढला तर तो घटत होता, पण तांदूळ-गव्हापेक्षा खूपच कमी. ज्वारी हलक्या प्रतीच्या वस्तूच्या उंबरठ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली, गिफेनपर्यंत पोचली नाही.

याने ज्वारीचा प्रश्न निकालात निघाला असे मला वाटत नाही. पाहणीत सगळी घरे एकत्र मोजली जातात. त्यात ज्वारी विकत घेणारा मजूर असतो, तसा ज्वारी पिकवणारा शेतकरीही असतो. भाव वाढला की पहिला गरीब होतो आणि दुसऱ्याची मिळकत वाढते, म्हणजे उत्पन्न परिणाम दोघांना उलट दिशांना ओढतो. शिवाय गावागणिक भाव वेगळे का, हेही पाहावे लागते. जिथे लोक एखादे धान्य आवडीने जास्त खातात, तिथे मागणीमुळेच त्याचा भाव चढलेला असू शकतो. भाव कारण की परिणाम, हे नुसत्या पाहणीतून सुटत नाही.

ही गाठ रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी सोडवली. भाव बदलण्याची वाट न पाहता त्यांनी तो स्वतः बदलला. चीनच्या हुनान प्रांतात भात मुख्य, गान्सूमध्ये गहू. 2006 साली दोन्हीकडच्या शहरांतली मिळून सुमारे 1,300 गरीब घरे त्यांनी घेतली. चिठ्ठ्या टाकून काही घरांना पाच महिन्यांची कुपने दिली आणि काहींना काहीच दिले नाही. कुपनावर अर्धा किलो तांदळामागे किंवा पिठामागे 0.10, 0.20 किंवा 0.30 युआन सूट मिळे. हुनानमध्ये अर्ध्या किलो तांदळाचा भाव तेव्हा 1.2 युआनच्या आसपास होता. सूट माणशी रोज 750 ग्रॅमपर्यंत, म्हणजे सरासरी खाण्याच्या जवळपास दुप्पट धान्यावर होती, त्यामुळे प्रत्येक वाढीव घासही स्वस्तच पडत होता. कुपन कोणाला मिळाले ते चिठ्ठीने ठरले होते, आवडीने नाही. आधी, मध्ये आणि कुपने संपल्यावर अशी तीनदा घराघरांत जाऊन ताटात काय होते ते लिहून घेतले.

हुनानमध्ये तांदूळ स्वस्त झाला आणि ज्यांना सूट मिळाली त्यांनी तो कमी खाल्ला. भाव एक टक्का बदलला की खप त्याच दिशेला पाव टक्क्याच्या आसपास सरकत होता. 1895च्या वाक्याला हाडामांसाची माणसे मिळाली. 2008 साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ने हा निबंध छापला. गान्सूतला पुरावा मात्र कच्चा राहिला, आणि तसे त्या दोघांनी स्वच्छ लिहिले.

मला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की ही वागणूक सर्वात गरिबांची नव्हती. ज्यांच्या पोटातले 80 टक्क्यांहून जास्त उष्मांक तांदळातूनच येत होते, त्यांनी तांदूळ स्वस्त झाल्यावर तो जास्त खाल्ला, नियमाप्रमाणे. कासार आंबोलीच्या त्याच हिशेबात 1,800 रुपयांचे घर घ्या. ते आधीच 60 किलो नुसता तांदूळ खाते. भाव 40 झाला की 45 किलोच परवडतो. कापायला डाळभाजीच नाही. म्हणजे गिफेनची माणसे मधल्या पट्ट्यात असतात: ज्यांच्या ताटात भातासोबत थोडे आणखी काही असते आणि तेच आधी जाते. अतिगरीब आणि सुस्थित घरे एकाच सरासरीत मिसळली की हा पट्टा दिसेनासा होतो.

आपल्या रेशनला ही कथा जशीच्या तशी लावू नये. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य मिळते, 2023 पासून मोफत. 3,000 रुपयांच्या त्या पहिल्या घरात पाच माणसे धरली आणि 25 किलो तांदूळ मिळाला, तर 30 रुपये बाजारभावाने 750 रुपये वाचले. पण पुढचा प्रत्येक किलो बाजारभावानेच घ्यायचा आहे. म्हणजे भाव बदललाच नाही, फक्त मिळकत वाढली. पर्यायता परिणाम शून्य. पोट भरण्याचा पहिला हिशेब पुन्हा मांडला तर तांदूळ 40 वरून 27.5 किलोवर उतरतो आणि डाळभाजी 32.5 किलो होते. म्हणून मोफत धान्य मिळूनही एखाद्या घरात भात कमी शिजला, तर ते धान्य वाया गेले असा निष्कर्ष काढू नका. आणि बाजारात तांदूळ महागूनही त्याचा खप वाढला, तर लोकांना तो परवडतो आहे असे समजू नका. दोन्ही वेळा तांदळाआधी डाळ, भाजी आणि अंडी मोजा.