छताआडची वाट आधी सांडपाण्याला

फॉल्स सीलिंगवरच्या पोकळीत पहिला हक्क सांडपाण्याच्या पाइपचा. एसीची डक्ट वळवता येते, वायर कुठूनही नेता येते. सांडपाणी मात्र केवळ उतारानेच वाहतं.

रुग्णालयाचा एक कॉरिडॉर घ्या. बीमखाली सीलिंगपर्यंत 450 मिमी जागा. टॉयलेटचा 110 मिमी जाडीचा पाइप शंभरास एक उताराने 12 मीटर जाणार, म्हणजे शेवटी 120 मिमी खाली येणार. तिथे त्याचा तळ बीमखाली 230 मिमीवर. वेष्टनासह 350 मिमी उंचीची डक्ट त्याखालून जाणं अशक्य. म्हणून डक्ट रुंद आणि चपटी करून, वेष्टनासह 250 मिमीवर आणायची आणि पाइपच्या सुरुवातीलाच ओलांडायची. दोन मीटरवर पाइपचा तळ 130 वर असतो. डक्ट धरून 380. उरलेल्या 70 मिमीत आधार आणि सीलिंगची चौकट बसते. चपट्या डक्टमध्ये हवेला घर्षण जास्त, ही किंमत मोजावीच लागते.

हे कागदावर ठरलं नाही, तर साइटवर कुणीतरी पाइप मधेच उचलतो. तिथे पाणी साचतं, गाळ बसतो, वारंवार तुंबतं. सीलिंग बंद होण्यापूर्वी प्रत्येक आधाराजवळ लेव्हल लावून पाहिली की उलटा उतार लगेच कळतो.