ब्रेडबोर्डवर चाललं, आता बोर्ड छापायचा!

गच्चीवरची टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी आणि पाणी खाली गेलं की चालू व्हावी, एवढं साधं यंत्र ब्रेडबोर्डवर एका संध्याकाळी जमतं. अर्डुइनो उनो, टाकीच्या वरच्या आणि खालच्या पातळीला एकेक फ्लोट स्विच, बाजारात मिळणारं तयार रिले मॉड्यूल आणि पाच व्होल्टसाठी मोबाइलचा चार्जर, इतकंच सामान पुरतं. पण ब्रेडबोर्डच्या भोकांत तारा केवळ स्प्रिंगच्या दाबाने धरलेल्या असतात. पंपाशेजारच्या पेटीतली थरथर, धूळ आणि दमट हवा त्यांना सोसत नाही. म्हणून छापील सर्किट बोर्ड, म्हणजे पीसीबी करायचा.

जोडलेल्या तारा जशाच्या तशा तांब्यात उतरवल्या की झालं, असं इथे वाटू शकतं. पण ब्रेडबोर्डवर दिसत होत्या जेमतेम दहा-बारा तारा. अर्डुइनो आणि रिले मॉड्यूल यांच्या पोटातले भाग बरंच काम मुकाट्याने करत होते. पीसीबीच्या पहिल्या टप्प्यात ते सगळं शोधून कागदावर आणावं लागतं.

आराखडा: जे दिसत नव्हतं ते लिहायचं

त्यासाठी किकॅड हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ज्याँ-पिएर शारा या फ्रेंच प्राध्यापकाने ते १९९२ मध्ये लिहायला घेतलं आणि पुढे सर्न या संशोधन संस्थेनेही त्याच्या विकासाला हातभार लावला. त्यात आधी स्किमॅटिक काढायचं. कोणता भाग बोर्डवर कुठे बसेल याच्याशी स्किमॅटिकचा संबंध नसतो. कोणती पिन कशाला जोडली आहे एवढंच ते सांगतं.

आपल्या बोर्डवर अख्खा अर्डुइनो लागत नाही, त्यातली एटीमेगा ३२८पी ही चिप पुरते. पण चिप एकटी घेतली की तिच्या भोवतीचे भाग आपल्याला द्यावे लागतात. सात आणि वीस क्रमांकाच्या पिनांना पाच व्होल्ट, आठ आणि बावीसला ग्राउंड, रीसेटच्या पिनेला पाच व्होल्टशी जोडणारा दहा किलोओहमचा रेझिस्टर, आणि पुरवठ्याच्या प्रत्येक पिनेजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर. चिपला क्षणभर जास्त प्रवाह लागला की तो या कपॅसिटरमधून मिळतो. तो नसेल तर रिले खटकन ओढला जाताच चिप अधूनमधून स्वतःच रीसेट होते, आणि दोष प्रोग्रामचा वाटतो.

उनोवर १६ मेगाहर्ट्झची घड्याळगती मिळत होती. टाकी भरायला अर्धा तास लागतो, तिथे इतक्या वेगाची गरज नाही. चिपच्या आतला आठ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर वापरला तर क्रिस्टल आणि त्याचे दोन कपॅसिटर वाचतात. मात्र कोरी चिप कारखान्यातून येते तेव्हा ती गती आठने भागून, म्हणजे एका मेगाहर्ट्झवर चालते. फ्यूज नावाची तिची सेटिंग बदलली नाही, तर आठ मेगाहर्ट्झसाठी तयार केलेल्या प्रोग्राममधला एक मिनिटाचा थांबा आठ मिनिटांचा होतो. यंत्र सगळं बरोबर करत असेल पण सावकाश, तर संशय आधी इथे घ्यावा. शिवाय उनोचा यूएसबी सॉकेट आता नाही. प्रोग्राम भरायला सहा पिनांचा कनेक्टर बोर्डवर ठेवावाच लागतो. तो विसरला आणि चिप सॉकेटमध्ये न बसवता थेट सोल्डर केली, तर प्रोग्राम भरायला वाटच उरत नाही.

रिले मॉड्यूलमध्ये याहून फसवी गोष्ट दडलेली असते. पाच व्होल्टच्या रिलेची कॉइल सुमारे ७० ते ८० मिलिअँपिअर घेते आणि चिपच्या एका पिनेची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर लागतो, त्याच्या बेसला एक किलोओहमचा रेझिस्टर आणि कॉइलला उलटा जोडलेला डायोड. कॉइलचा प्रवाह तोडताच उसळणारा व्होल्टेज हा डायोड जिरवतो. नाहीतर ट्रान्झिस्टर जातो. हे सगळं मॉड्यूलवर आधीच होतं. पण बाजारातली बरीच मॉड्यूल पिन ‘लो’ केल्यावर रिले चालू करतात, आणि आपण लावलेला एनपीएन ट्रान्झिस्टर पिन ‘हाय’ झाल्यावर चालू होतो. प्रोग्राम तोच ठेवला तर टाकी भरल्यावर मोटर सुरू होईल. शिवाय वीज आल्यावर प्रोग्राम सुरू होईपर्यंत पिन अधांतरी असते. तेवढ्या वेळात रिले फडफडू नये म्हणून चिपच्या त्या पिनेपासून ग्राउंडला दहा किलोओहमचा आणखी एक रेझिस्टर द्यायचा.

फ्लोट स्विचची तार टेबलावर वीतभर होती. आता ती गच्चीवरून मोटरच्या वायरशेजारून खाली येणार. चिपच्या आतला पुल-अप त्यासाठी कमजोर आहे. बाहेरून ४.७ किलोओहमचा पुल-अप, चिपकडे जाताना एक किलोओहमचा रेझिस्टर आणि तिथे ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरड, एवढ्याने तारेत घुसणारे झटके बऱ्यापैकी गाळले जातात.

स्किमॅटिक झालं की ईआरसी ही तपासणी चालवायची. सोडलेल्या पिना आणि एकमेकांना भिडलेले आउटपुट ती दाखवते. चार्जरचे पाच व्होल्ट स्क्रू टर्मिनलमधून येतात आणि टर्मिनल हा वीजपुरवठा आहे हे सॉफ्टवेअरला कळत नाही, म्हणून ती पुरवठाच नसल्याची तक्रार करते. तिथे आणि ग्राउंडवर `PWR_FLAG` हे चिन्ह लावलं की तक्रार जाते. डायोड उलटा काढला असेल तर मात्र ईआरसी काही बोलत नाही.

फूटप्रिंट: चित्रातला भाग आणि हातातला भाग

आता प्रत्येक चिन्हाला फूटप्रिंट द्यायचा, म्हणजे त्या भागाची भोकं आणि पॅड बोर्डवर नेमके कसे असतील ते ठरवायचं. पहिल्या बोर्डात सर्वात जास्त घात इथे होतो. आपल्याला हवा तो ट्रान्झिस्टर २२२२ या क्रमांकाने ओळखला जातो. `PN2222A` घेतला आणि सपाट बाजू आपल्याकडे धरली, तर डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असा क्रम येतो. `P2N2222A` घेतला तर तोच क्रम उलटा. दुकानदार दोन्ही एकाच डब्यातून देऊ शकतो. म्हणून आधी भाग विकत घ्यायचे, त्यांची डेटाशीट उघडायची आणि मग फूटप्रिंट निवडायचा. बोर्डचं चित्र मूळ मापात कागदावर छापून त्या भोकांवर खरे भाग ठेवून पाहिले, तर रिले आणि टर्मिनल यांच्या मापातली चूक फुकटात सापडते.

मांडणी: २३० व्होल्टपासून लांब

स्किमॅटिक बोर्डच्या खिडकीत आणलं की सगळे भाग एका घोळक्यात येतात आणि त्यांच्यामध्ये बारीक रेषांचं जाळं दिसतं. आधी तांबं ओढायचं नाही, आधी भागांच्या जागा ठरवायच्या. टर्मिनल कडेला, ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर चिपच्या पिनांना खेटून, आणि रिले अशा जागी की घरातली वीज बोर्डच्या एका कोपऱ्याबाहेर येणारच नाही.

या रिलेने मोटर थेट चालवायची नाही. पंप सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो आणि त्यात छोट्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात. रिलेने स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची कॉइल तेवढी चालू-बंद करायची. तरीही त्याच्या कॉन्टॅक्टवर २३० व्होल्ट येतात आणि काही मिलिमीटरवर फ्लोट स्विचची, म्हणजे माणसाचा हात लागू शकणारी बाजू असते.

सर्वत्र मिळणाऱ्या निळ्या चौकोनी रिलेत एक अडचण आहे: त्याची कॉमन पिन कॉइलच्या दोन पिनांच्या मध्येच येते. पॅडची रुंदी वजा केली तर दोन्ही बाजूंत चार मिलिमीटरच्या आसपासच अंतर उरतं. बोर्डवर धूळ आणि ओल साचते, तेव्हा विजेला पृष्ठभागावरून सरपटत जाण्याची वाट मिळते. त्यामुळे कॉइल एका टोकाला आणि कॉन्टॅक्ट दुसऱ्या टोकाला असलेला रिले घ्यावा, मधलं अंतर सहा मिलिमीटर किंवा जास्त ठेवावं आणि जमल्यास मध्ये बोर्डला आरपार खाच द्यावी. एक मिलिमीटरपेक्षा अरुंद खाच बहुतेक कारखाने कापत नाहीत.

मग तांबं. चिपच्या सिग्नलला ०.२५ मिलिमीटर रुंदीची रेघ पुरते. पाच व्होल्ट आणि रिलेच्या कॉइलला एक मिलिमीटर द्यावी. खालचा थर शक्यतो सलग ग्राउंडचा ठेवायचा, पण हा भराव आखलेल्या हद्दीत जिथे मोकळी जागा दिसेल तिथे पसरतो. त्याची हद्द कमी व्होल्टच्या भागापुरतीच आखावी, नाहीतर तो २३० व्होल्टच्या पॅडजवळ जाऊन थांबतो.

डीआरसी ही मांडणीची तपासणी हे पकडेल, या भरवशावर राहू नये. तिला दिलेलं मूळ अंतर असतं ०.२ मिलिमीटर. तेवढं अंतर सुटलं की ती ‘शून्य त्रुटी’ म्हणते. कॉन्टॅक्टच्या तारांना `MAINS` हा वेगळा वर्ग देऊन नियम आपणच लिहायचा:

```
(version 1)
(rule mains_lv
  (constraint clearance (min 6mm))
  (condition "A.NetClass == 'MAINS' && B.NetClass != 'MAINS'"))
```

आता ग्राउंडचा भराव चुकून जवळ आला तर तपासणी खरोखर ओरडते.

ऑर्डर

कारखान्याला किकॅडची फाइल सहसा द्यायची नसते. प्रत्येक थराची एकेक गर्बर फाइल आणि भोकांची ड्रिल फाइल काढून एका झिपमध्ये द्यायची: वरचं आणि खालचं तांबं, दोन्ही बाजूंचा सोल्डर मास्क, वरची छापील अक्षरं, आणि `Edge.Cuts` ही कडेची रेषा. ही झिप आधी गर्बर पाहण्याच्या प्रोग्राममध्ये उघडावी. कड पूर्ण बंद आहे का, भोकं पॅडच्या मध्यावर आहेत का, रिलेखालची खाच आली आहे का, ही तपासणी पाच मिनिटांची असते.

ऑर्डरच्या फॉर्ममधले बाकीचे प्रश्न सोपे आहेत. दोन थर, १.६ मिलिमीटर जाडीचं एफआर-४, ३५ मायक्रॉन तांबं, हिरवा मास्क. हा सर्वात स्वस्त आणि या कामाला योग्य पर्याय. परदेशातले बरेच कारखाने किमान पाच नग करतात आणि लहान बोर्डांवर छपाईपेक्षा कुरिअर व सीमाशुल्कच जास्त भरतं, तेव्हा देशातल्या कारखान्याचा भाव विचारून तुलना करावी.

कारखान्याचा अभियंता फाइल पाहतो, पण त्याची नजर वेगळी असते. भोक फार लहान आहे, रेघ कडेला फार जवळ आहे, हे तो कळवेल. ट्रान्झिस्टर उलटा आहे, प्रोग्राम भरायचा कनेक्टर राहिला, रिले ‘हाय’वर चालतो की ‘लो’वर, हे त्याला ठाऊक नसतं. ऑर्डरचं बटण दाबण्यापूर्वी स्किमॅटिकची छापील प्रत घ्यावी, चालत असलेला ब्रेडबोर्ड शेजारी ठेवावा आणि एकेक तार पाहून तिच्यावर खूण करावी. ज्या रेषेवर खूण राहिली ती एकतर मॉड्यूलच्या पोटातून आपण बाहेर काढलेली असते, नाहीतर चुकलेली. प्रत्येक वेळी कोणती ते सांगता आलं की फाइल पाठवावी.