आभाळाचे आठ भाग

सकाळी साडेआठ वाजता वेधशाळेतला निरीक्षक उघड्यावर येतो. तापमापी, पर्जन्यमापी यांच्या नोंदी झाल्या की तो मान वर करून सगळे आभाळ नजरेखालून घालतो. ढगांनी किती आभाळ झाकले आहे, याचा अंदाज त्याला डोळ्यांनीच बांधायचा असतो. त्यासाठी आभाळाचे आठ समान भाग कल्पायचे आणि विखुरलेले सगळे ढग एकत्र सरकवले तर त्यातले किती भाग भरतील ते सांगायचे. असा एक भाग म्हणजे एक ऑक्टा.

या मोजपट्टीची दोन्ही टोके कडक आहेत. आभाळात ढगाचा लहानसा तुकडा जरी असला, तरी नोंद शून्य होत नाही, १ होते. तसेच सगळे आभाळ भरून एखादी निळी फट उरली असेल, तर नोंद ८ नव्हे, ७ होते. धुक्यामुळे आभाळच दिसत नसेल, तर त्यासाठी ९ हा वेगळा आकडा आहे. मधल्या आकड्यांना मात्र जवळच्या पूर्णांकाचा साधा नियम चालतो, आणि खरी चूक होते ती तिथेच.

ही चूक टाळायची तर सगळे आभाळ एका चित्रात पकडावे, हा विचार जुना आहे. केंब्रिजच्या रॉबिन हिल यांनी १९२४ मध्ये ढगांच्या छायाचित्रांसाठी क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे आभाळ टिपणारे भिंग मांडले. पुढे प्रकाशसंश्लेषणातल्या 'हिल अभिक्रिये'मुळे जीवरसायनशास्त्रात नाव झाले ते हेच हिल. आजच्या मत्स्यनेत्री भिंगांच्या पूर्वजांत त्यांच्या भिंगाची गणना होते.

मोबाइलच्या रुंद भिंगाने हे काम एका फटक्यात होत नाही. १२० अंशांचा कॅमेरा थेट वर धरला, तर डोक्यावरच्या बिंदूपासून, म्हणजे खस्वस्तिकापासून, तो फार तर ६० अंशांपर्यंत पाहतो, आणि तेही फक्त चित्राच्या कोपऱ्यांत. सगळीकडे ६० अंशांपर्यंत दिसले असते, तरी आभाळाचा बरोबर अर्धाच भाग हाती आला असता.

हा 'बरोबर अर्धा' नीट समजून घेण्यासारखा आहे. क्षितिजापासून खस्वस्तिकापर्यंत ९० अंश असतात. त्यामुळे आभाळाचा निम्मा भाग ४५ अंशांच्या वर असेल, असे कोणालाही वाटते. पण आभाळ हा अर्धगोल आहे. क्षितिजालगतचा पट्टा चहूबाजूंनी फिरतो आणि खूप मोठी जागा व्यापतो. डोक्यावरचा भाग त्या मानाने लहान. हिशोब केला, तर ३० अंशांच्या उंचीवर आभाळाचे दोन समान भाग पडतात. वर निम्मे, खाली निम्मे.

मत्स्यनेत्री चित्रात हा हिशोब बिघडतो. अशी बरीच भिंगे खस्वस्तिकापासूनचे अंश आणि चित्राच्या मध्यापासूनचे अंतर एकाच प्रमाणात ठेवतात. त्यामुळे ३० अंशांची रेषा चित्राच्या त्रिज्येच्या दोन तृतीयांशावर येते. तिच्या आतल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ चित्राच्या नऊपैकी चार भाग, म्हणजे ४४ टक्के भरते; बाहेरच्या कड्याचे ५६ टक्के. आभाळात समान असलेले दोन भाग चित्रात असमान होतात. नुसते ढगाळ बिंदू मोजून भागाकार करणारा माणूस म्हणूनच क्षितिजावरच्या ढगांना नकळत जास्त वजन देतो.

उपाय सोपा आहे. चित्रावर दोन तृतीयांश त्रिज्येचे वर्तुळ काढायचे आणि उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम असे दोन व्यास ओढायचे. चार वरचे आणि चार खालचे, असे आठ भाग तयार होतात आणि त्यांतला प्रत्येक भाग खऱ्या आभाळाचा नेमका एक ऑक्टा असतो. मग प्रत्येक भाग किती भरला, ते दहाव्या हिश्शांत ठरवून बेरीज करायची. उत्तर वर ठेवली, की वर पाहून काढलेल्या चित्रात पूर्व डावीकडे येते, हे मात्र विसरू नये. खात्री करायची तर चित्रातला सूर्य पाहावा.

उदाहरणादाखल ऑक्टोबरच्या सुरुवातीची पुण्याची सकाळ घेऊ. साडेआठला सूर्य आग्नेयेकडच्या भागात, क्षितिजापासून सुमारे २८ अंशांवर असतो. समजा, वरच्या चारही भागांत ढग तुरळक आहेत, प्रत्येकी ०.१, बेरीज ०.४. खालच्या भागांत चित्र असे दिसते: ईशान्य ०.९, आग्नेय १.०, नैर्ऋत्य १.०, वायव्य ०.९, बेरीज ३.८. आठ भागांची बेरीज ४.२, म्हणजे ४ ऑक्टा. त्याच चित्रात नुसते बिंदू मोजले असते, तर उत्तर सुमारे ४.६, म्हणजे ५ आले असते.

पण ४ हेही उत्तर खरे नाही. आग्नेयेचा भाग ढगांनी भरलेला नसून सूर्याभोवतीच्या चकाकीने पांढरा झालेला आहे. संगणकाने ढग ओळखायची रूढ रीत लाल आणि निळ्या रंगाच्या प्रमाणावर चालते: निरभ्र आभाळात निळा रंग खूप जास्त असतो, तर ढगात दोन्ही जवळपास सारखे. लाल भागिले निळा हे प्रमाण ०.६ च्या वर गेले तर ढग, अशी मर्यादा संशोधनात वापरलेली आहे. सूर्याजवळ आणि धुरकट क्षितिजावरही निळाई फिकी पडते. तिथे हे प्रमाण वाढते आणि यंत्र ढग नसताना ढग सांगते. अमेरिकेत वापरात आलेल्या 'टोटल स्काय इमेजर' यंत्रात कॅमेरा अर्धगोल आरशात खाली पाहतो आणि आरशावरची काळी पट्टी सूर्याबरोबर फिरत त्याला झाकते. घरच्या कॅमेऱ्यापुढे सूर्यबिंब झाकणारा हात धरला, तरी बराच फरक पडतो.

चकाकी, धूसरपणा आणि ढग यांतला फरक ओळखता येतो. पाच मिनिटांनी दुसरे चित्र घ्यावे. ढगाची कड सरकते किंवा आकार बदलते. चकाकी सूर्याला चिकटूनच राहते. धूसरपणाला कड नसते, तो क्षितिजाकडून वर हळूहळू विरळ होत जातो. आपल्या उदाहरणात अशी पडताळणी केल्यावर आग्नेयेचा भाग १.० वरून ०.४ वर आणि ईशान्येचा ०.९ वरून ०.७ वर आला, असे धरू. एकूण बेरीज ३.४, नोंद ३ ऑक्टा. एकाच चित्राने ५, ४ आणि ३ अशी तीन उत्तरे दिली.

विमानतळावर हा फरक किरकोळ नसतो. वैमानिकांच्या हवामान संदेशात ३ आणि ४ ऑक्टांना SCT, तर ५ ते ७ ना BKN लिहितात. आणि ढगांची छतउंची BKN पासूनच धरली जाते.

एक अडचण मात्र कोणत्याही विभागणीने सुटत नाही. उंच वाढलेले कापसी ढग क्षितिजाजवळ बाजूने दिसतात आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या फटी झाकल्या जातात. म्हणून जमिनीवरून दिसणारे ढगांचे आच्छादन उपग्रहाच्या वरून दिसणाऱ्या आच्छादनापेक्षा बहुधा जास्त भरते. याला मोजणीतली चूक म्हणता येणार नाही. पाहण्याची जागाच वेगळी आहे. ऑक्टा म्हणजे त्या जागेवरून दिसणारे आभाळ. उपग्रहाच्या आकड्याशी जुळावे म्हणून तो खाली ओढणे चूकच.

ज्यांना घराच्या गच्चीवरून अशी नोंद ठेवायची असेल, त्यांनी अंतिम आकड्याबरोबर आठही भागांचे अंदाज, वेळ आणि सूर्य कोणत्या भागात होता हे लिहून ठेवावे. आकडा शंकास्पद वाटला, तर कोणता भाग पुन्हा तपासायचा, ते त्यावरूनच कळते.