ससा, कासव आणि न संपणारी यादी

लिंक्ड लिस्ट म्हणजे संगणकाच्या मेमरीत विखुरलेल्या नोंदींची यादी. तिच्यातल्या प्रत्येक नोंदीला नोड म्हणतात. नोडमध्ये दोन गोष्टी असतात : प्रत्यक्ष माहिती आणि पुढच्या नोडचा पत्ता. या पत्त्यालाच पॉइंटर म्हणतात. यादीचे पहिले टोक तेवढे प्रोग्रामला ठाऊक असते. तिथून एकेक पत्ता वाचत पुढे जायचे आणि पुढचा पत्ता रिकामा सापडला की यादी संपली असे समजायचे.

अशा यादीत एखाद्या नोडचा पत्ता चुकून मागच्याच कुठल्या तरी नोडकडे वळला, तर यादीत चक्र तयार होते. मग रिकामा पत्ता कधीच येत नाही आणि यादी वाचणारा प्रोग्राम त्याच नोडांवरून फिरत राहतो. बिघाड कळायला अवघड असतो, कारण प्रत्येक नोड स्वतंत्रपणे तपासला तर निर्दोषच दिसतो. त्याच्याकडे माहिती असते, पुढचा पत्ताही वैध असतो. दोष असतो तो साऱ्या जोडणीत मिळून.

हे प्रत्यक्षात कसे घडते, याचे गाजलेले उदाहरण जावा या भाषेत आहे. तिच्यातल्या `HashMap` या साठ्यात नोंदी अनेक छोट्या लिंक्ड लिस्टमध्ये ठेवलेल्या असतात. साठा भरत आला की तो मोठा केला जातो आणि नोंदी नव्या जागी हलवल्या जातात. जावा ७ पर्यंत प्रत्येक नोड नव्या यादीच्या सुरुवातीला जोडला जाई, त्यामुळे नोडांचा क्रम उलटत असे. प्रोग्रामचे दोन धागे, म्हणजे थ्रेड, एकाच वेळी हे काम करू लागले की घोळ होई. ‘पहिल्यानंतर दुसरा नोड’ एवढे वाचून एक थ्रेड मध्येच थांबे. तेवढ्यात दुसरा थ्रेड काम पुरे करून क्रम उलटवी, म्हणजे दुसऱ्या नोडचा पत्ता पहिल्याकडे वळे. मग पहिला थ्रेड जागा होऊन जुन्या माहितीवर विसंबून पुढचे काम करी आणि पहिल्याचा पत्ता दुसऱ्याकडे वळवी. दोन नोड एकमेकांकडे बोट दाखवू लागले की चक्र पूर्ण झाले. त्या यादीत नसलेली नोंद शोधायला जो थ्रेड येई, तो तिथेच अडके. लक्षण ठरलेले होते : प्रोसेसर पूर्ण क्षमतेने चालतो, मेमरीचा वापर वाढत नाही, कुठलीही चूक नोंदवली जात नाही, आणि कितीही वेळा पाहिले तरी थ्रेड `HashMap` च्या `get` मध्येच दिसतो. जावा ८ मध्ये क्रम उलटणे थांबवले गेले. तरीही हा साठा अनेक थ्रेडनी एकाच वेळी बदलण्यासाठी नाहीच. त्यासाठी `ConcurrentHashMap` आहे.

चक्र ओळखण्याचा सहज सुचणारा उपाय म्हणजे भेटलेला प्रत्येक नोड लक्षात ठेवणे. नव्या नोडवर पोहोचले की तो आधी भेटला होता का ते पाहायचे. उपाय बिनचूक आहे, पण मेमरी खातो. यादीत एक कोटी नोड असतील आणि एक पत्ता ८ बाइटचा असेल, तर नुसत्या पत्त्यांनाच ८ कोटी बाइट लागतात, आणि ते झटपट शोधता यावेत म्हणून लागणारी जागा वेगळी. नोडवरच खूण करून ठेवता येते, पण त्यासाठी यादीत बदल करावा लागतो, आणि जी यादी इतरही कोणी वाचत आहे तिच्यात असा बदल करणे धोक्याचे असते.

दोन पॉइंटरची रीत या दोन्ही अडचणी टाळते. ती अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट फ्लॉइड यांच्या नावाने ओळखली जाते. १९७८ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळवणाऱ्या फ्लॉइड यांना या रीतीचे श्रेय डोनाल्ड नूथ यांनी १९६९ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात दिले. रीतीचे रूढ नाव मात्र ‘कासव आणि ससा’. दोघेही यादीच्या पहिल्या नोडवरून निघतात. प्रत्येक फेरीत कासव एक नोड पुढे जाते, ससा दोन. ससा रिकाम्या पत्त्याला पोहोचला तर यादी सरळ आहे. दोघे एकाच नोडवर आले तर यादीत चक्र आहे.

आठ नोडांची एक यादी घेऊ : क, ख, ग, घ, च, छ, ज, झ. झ चा पत्ता रिकामा असायला हवा होता, पण तो घ कडे वळला आहे. म्हणजे सुरुवातीचा सरळ भाग तीन नोडांचा (क, ख, ग) आणि चक्र पाच नोडांचे (घ ते झ). दोघे क वरून निघतात. पहिल्या फेरीनंतर कासव ख वर, ससा ग वर. दुसरीनंतर कासव ग वर, ससा च वर. तिसरीनंतर कासव घ वर, म्हणजे चक्रात शिरते, तेव्हा ससा ज वर असतो. चौथ्या फेरीत ससा झ वरून घ वर येतो आणि कासव च वर जाते. पाचव्या फेरीत कासव छ वर येते, ससाही घ वरून च ओलांडून छ वर येतो. भेट झाली, चक्र सिद्ध झाले.

ससा कासवावरून उडी मारून पुढे निघून जाणार नाही कशावरून? वर तिसऱ्या फेरीनंतर ससा ज वर होता आणि कासव घ वर. ज, झ, घ असे मोजले तर ससा कासवाच्या दोन नोड मागे होता. पुढच्या फेरीत ससा दोन सरकला, कासव एक. अंतर एकावर आले, आणि त्यापुढच्या फेरीत शून्यावर. चक्रात दोघे शिरले की हे अंतर दर फेरीला बरोबर एकने घटते. एकने घटणारी संख्या शून्य चुकवू शकत नाही, म्हणून भेट अटळ आहे. कासव चक्रात शिरते तेव्हा अंतर चक्राच्या लांबीपेक्षा कमीच असते, त्यामुळे भेट होईपर्यंत कासवाची चक्राभोवती एकही प्रदक्षिणा पुरी होत नाही. एकूण नोड जितके, त्याहून जास्त पावले त्याला कधीच टाकावी लागत नाहीत. यादी केवढीही असो, लक्षात ठेवायचे ते फक्त दोन पत्ते.

पायथॉनमध्ये हे असे लिहिले जाते :

```
def has_cycle(head):
    slow = fast = head
    while fast is not None and fast.next is not None:
        slow = slow.next
        fast = fast.next.next
        if slow is fast:
            return True
    return False
```

यात तीन जागी हमखास चूक होते. तुलना पाऊल टाकण्याआधी केली, तर दोघे आरंभी एकाच नोडवर असल्यामुळे प्रत्येक यादीत चक्र असल्याचे उत्तर येते. सशाच्या पुढचा नोड अस्तित्वात आहे की नाही हे न तपासता दोन उड्या मारल्या, तर सरळ यादीच्या टोकाला प्रोग्राम कोसळतो. आणि `is` ऐवजी नोडमधली माहिती ताडून पाहिली, तर एकच संख्या दोन वेगळ्या नोडांत असताना नसलेले चक्र दिसते. ताडायचा असतो तो नोड स्वतः, त्यातला मजकूर नव्हे.

चक्र आहे एवढे कळून भागत नाही. दुरुस्तीसाठी ते कुठे सुरू होते हेही हवे असते. या रीतीचा सर्वांत सुंदर भाग इथेच आहे. भेट झाली की एका पॉइंटरला पुन्हा पहिल्या नोडवर न्यायचे, दुसऱ्याला भेटीच्या जागीच ठेवायचे आणि आता दोघांनाही एकेक पाऊल चालवायचे. वरच्या यादीत एक क वर, दुसरा छ वर. मग ख आणि ज, मग ग आणि झ, मग घ आणि घ. चक्राची सुरुवात नेमकी घ वर आहे.

याचे कारण थोडक्यात सांगता येते. भेटीपर्यंत कासव जितकी पावले चालले, ससा त्याच्या दुप्पट चालला. दोघे एकाच जागी आहेत, तेव्हा सशाची जास्तीची पावले चक्राच्या पूर्ण प्रदक्षिणाच असणार. ही जास्तीची पावले म्हणजेच कासवाने चाललेली पावले. वरच्या उदाहरणात ती पाच आहेत आणि चक्रही पाच नोडांचेच आहे. आता सरळ भागाइतकी, म्हणजे तीन पावले आणखी टाकली, तर पहिल्या नोडवरून निघालेला पॉइंटर घ वर पोहोचतो. छ वरच्या पॉइंटरची आरंभापासूनची एकूण चाल आठ होते. त्यातली पाच पावले पूर्ण प्रदक्षिणेची, म्हणून तोही घ वरच असतो. त्याआधी भेट होऊ शकत नाही, कारण तोवर एक चक्राबाहेर असतो.

हा हिशेब दोघे एकाच नोडवरून निघाले असतील तरच जुळतो. सशाला एक पाऊल पुढून, म्हणजे ख वरून सोडण्याची पद्धत अनेकजण वापरतात. चक्र आहे का, याचे उत्तर तेव्हाही बरोबर येते. भेट चौथ्या फेरीत च वर होते. पण सुरुवात शोधताना क आणि च वरून एकेक पाऊल टाकले की जोड्या येतात ख-छ, ग-ज, घ-झ, च-घ. दोघांत कायम एका नोडचे अंतर राहते आणि चक्र शोधणारा प्रोग्राम स्वतःच चक्रात अडकतो. सशाचा वेग तीन केला तर तो कासवाला चुकवत राहील, असेही सांगितले जाते. दोघे एकत्र निघाले असतील तर तसे होत नाही : कासवाची पावले चक्राच्या लांबीच्या पटीत आली की सशाची आघाडीही त्याच पटीत असते. पण ससा एक पाऊल आधी निघाला आणि चक्र सम लांबीचे असेल, तर अंतर विषमच राहते आणि भेट कधीच होत नाही.

सुरुवात सापडल्यावर चक्रातून एक फेरा मारायचा, ज्या नोडचा पत्ता सुरुवातीकडे वळतो तो गाठायचा आणि त्याचा पत्ता रिकामा करायचा. वरच्या यादीत तो नोड झ आहे. मात्र चाचणी चालू असताना दुसरा कोणी यादी बदलत असेल, तर यातल्या कशाचीच खात्री देता येत नाही, म्हणून आधी यादीतले बदल रोखावे लागतात.

ही रीत चालायला यादी मेमरीत असावीच लागते असे नाही. ‘पुढचा नोड’ सूत्राने काढता आला तरी पुरते. १९७५ साली जॉन पोलार्ड यांनी मोठ्या संख्येचे अवयव काढण्यासाठी तिचा असाच उपयोग केला. एका संख्येचा वर्ग करून त्यात ठरावीक अंक मिळवायचा, दिलेल्या संख्येने भागून बाकी घ्यायची आणि तीच कृती बाकीवर पुन्हा करायची. ही मालिका कधी ना कधी चक्रात शिरते, आणि लपलेल्या अवयवाच्या हिशेबाने ते चक्र बरेच आधी येते. तिथे नुसता पत्ता वाचायचा नसतो. दर फेरीला कासवासाठी एकदा आणि सशासाठी दोनदा अशी तीनदा आकडेमोड करावी लागते. रिचर्ड ब्रेंट यांनी १९८० साली कासवाला एका जागी बसवले. ससा एकेक पाऊल चालतो आणि त्याने १, २, ४, ८ असे दुपटीने वाढणारे टप्पे पार केले की कासवाला उचलून त्याच्या जागी आणले जाते. त्यामुळे पोलार्ड यांची पद्धत सरासरी सुमारे २४ टक्क्यांनी जलद झाली. हीच सुधारलेली पद्धत वापरून ब्रेंट आणि पोलार्ड यांनी त्याच साली आठव्या फर्मा संख्येचा, म्हणजे २ चा २५६वा घात अधिक १ या ७८ अंकी संख्येचा, १६ अंकी अवयव शोधून काढला.