रिपोर्टातली ‘ग्रेड टू’ आणि पित्ताशयातला खडा

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या थोरल्या जाऊबाई पोटाची सोनोग्राफी करून घरी आल्या त्या तोंड पाडूनच. रिपोर्टाचं पाकीट माझ्या हातात ठेवत म्हणाल्या, “तूच वाच बाई, शाळेत शिकवतेस ना! मला तर दोनच शब्द कळले. लिव्हरला ग्रेड टू आणि पित्तात खडा.”

कागद उघडून होतो न होतो तोच शेजारच्या काकू डोकावल्या. “ग्रेड टू म्हणजे दुसरी स्टेज की गं!” एवढंच म्हणाल्या नि गेल्या. पण त्या एका वाक्याने आमच्या घराची आठ दिवसांची झोप उडाली. लोहाऱ्यासारख्या गावात असा रिपोर्ट वाचून समजावणारं माणूस चटकन सापडत नाही. तपासणी बाहेरगावी होते, डॉक्टर दुसऱ्या गावी असतात, आणि मधले दिवस शेजारणींच्या सल्ल्यावर काढावे लागतात. जाऊबाईंनी तेच केलं. दुसऱ्याच दिवशी तूप, तेल, भात सगळं बंद. एकवेळचं जेवण, तेही अर्धी भाकरी. शिवाय रोज सकाळी खडा विरघळावा म्हणून वाटीभर कुळथाचं पाणी.

पुढे सोलापूरला पोटविकाराच्या डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा लक्षात आलं की यातली प्रत्येक गोष्ट चुकीच्या समजुतीवर उभी होती. सोनोग्राफी आता घरोघर होते आणि ‘ग्रेड वन’, ‘ग्रेड टू’ हे शब्द हळदीकुंकवातसुद्धा कानावर येतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे

सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी पोटात सोडतात आणि परत येणाऱ्या लहरींचं चित्र पडद्यावर उमटतं. यकृतात चरबी साठली की ते पडद्यावर जास्त पांढरं, उजळ दिसू लागतं. उजळ म्हणजे कशाहून उजळ? तर शेजारीच असलेल्या उजव्या मूत्रपिंडाहून. डॉक्टर ही दोन्ही अंगं एकाच चित्रात घेऊन तुलना करतात.

थोडंसं उजळ असेल, पण आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा आणि यकृतामागचा श्वासपटल स्पष्ट दिसत असेल, तर ती ग्रेड वन. उजळपणा वाढून त्या कडा पुसट होऊ लागल्या की ग्रेड टू. आणि चरबीमुळे लहरी खोलवर पोचतच नाहीत, रक्तवाहिन्या, श्वासपटल, यकृताची मागची बाजू नीट दिसतच नाही, तेव्हा ग्रेड थ्री. धुक्यातून समोरचं झाड किती दिसतं, तसाच हा हिशेब आहे.

म्हणजे ग्रेड सांगते ती ‘चरबी अंदाजे किती’ एवढंच. कॅन्सरच्या ‘स्टेज’शी तिचं काही नातं नाही. शिवाय हा डोळ्यांनी केलेला अंदाज आहे. यंत्र वेगळं, तपासणारा वेगळा, तर त्याच बाईला एका ठिकाणी ग्रेड वन आणि दुसरीकडे ग्रेड टू लिहून मिळू शकतं. चरबी अगदी थोडी असेल तर ती सोनोग्राफीत दिसतही नाही.

मग खरी भीती कशाची? ती चरबीपेक्षा यकृतावर पडणाऱ्या व्रणांची. वर्षानुवर्षं सूज राहिली की यकृत आतून घट्ट होत जातं, आणि त्याचं पुढचं टोक म्हणजे सिरॉसिस. गंमत अशी की हे सुरुवातीचे व्रण साध्या सोनोग्राफीला कळत नाहीत. ग्रेड थ्री असलेल्या बाईचं यकृत अजून मऊ असू शकतं, आणि ग्रेड वनवालीचं घट्ट व्हायला लागलेलं असू शकतं. म्हणून ग्रेड वनला ‘काही नाही’ म्हणून सोडू नये आणि ग्रेड टूला घाबरून अन्न सोडू नये.

डॉक्टरांनी कागदावर मांडलेलं गणित

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी रक्ताच्या तपासण्या मागितल्या. एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट, साखर, चरबी आणि थायरॉइड. त्यातले तीन आकडे आणि वय घेऊन एक साधं गणित करतात. त्याला फिब-फोर म्हणतात. मी गणितच शिकवते, त्यामुळे मला ते फार आवडलं.

वयाला एसजीओटीने गुणायचं. हे वरचं उत्तर. एसजीपीटीचं वर्गमूळ काढून त्याला प्लेटलेटच्या आकड्याने गुणायचं. हे खालचं उत्तर. मग वरच्याला खालच्याने भागायचं. प्लेटलेट अडीच लाख असतील तर 250 धरायचे.

जाऊबाईंचं वय 45, एसजीओटी 40. गुणाकार 1800. एसजीपीटी 64, म्हणजे वर्गमूळ 8. प्लेटलेट अडीच लाख, म्हणून 250 गुणिले 8, झाले 2000. अठराशेला दोन हजारांनी भागलं, उत्तर 0.9. हा आकडा 1.3 च्या खाली असला तर यकृतावर मोठे व्रण असण्याची शक्यता फार कमी. 2.67 च्या वर गेला तर तज्ज्ञांकडे जायलाच हवं. मधे असला तर फायब्रोस्कॅन नावाच्या तपासणीने यकृत किती घट्ट झालंय ते मोजतात. त्यात दुखत नाही, टोचतही नाही. पस्तिशीच्या आतल्या आणि पासष्टीच्या पुढच्या माणसांना मात्र हे गणित नीट लागू पडत नाही. मधुमेह असेल तर नुसत्या या आकड्यावरही विसंबत नाहीत. हिशेब घरी करून पाहायला हरकत नाही, अर्थ मात्र डॉक्टरांकडूनच लावून घ्यावा.

म्हणजे ज्या ‘ग्रेड टू’ने आठ दिवस झोप उडाली होती, त्याच यकृताचा हा आकडा बिनधोक निघाला. एसजीपीटी मात्र थोडा वाढलेला होता, आणि उपवासाची साखरही मर्यादेच्या जरा वर होती. डॉक्टर म्हणाले, “ग्रेडपेक्षा मला ही साखर जास्त महत्त्वाची वाटते.” यकृतातली चरबी आणि मधुमेह एकमेकांचा हात धरून येतात. म्हणूनच तर 2023 साली या आजाराचं वैद्यकीय नावही बदलून त्यात शरीराच्या चयापचयाचा उल्लेख आणला गेला.

खड्याला ग्रेड नसते

आता खड्याकडे वळू. रिपोर्टात लिहिलं होतं : पित्ताशयात 9 मिलिमीटरचा एक खडा, पित्ताशयाची भिंत जाड नाही, भोवती पाणी नाही, मुख्य पित्तनलिका 4 मिलिमीटर, फुगलेली नाही.

आपण सगळ्या जणी त्या नऊ या आकड्याला धरून बसलो होतो. पण डॉक्टरांच्या लेखी बाकीच्या तीन ओळी मोलाच्या. पित्ताशयाची भिंत साधारण 3 मिलिमीटरपर्यंत असते. ती जाड असली, भोवती पाणी असलं, तर सूज असल्याचा संशय येतो. मुख्य पित्तनलिका साधारण 6 मिलिमीटरपर्यंत चालते. ती फुगली असेल तर खडा खाली घसरून अडकला की काय हे पाहावं लागतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ही सोनोग्राफी सहा ते आठ तास उपाशी राहून करायची असते. खाल्लं की पित्ताशय आकसतं, भिंत उगीचच जाड दिसते आणि बारीक खडा लपूनही बसतो. निघताना घेतलेला दुधाचा कपभर चहासुद्धा नको.

मोठा खडा वाईट आणि बारीक बरा, असंही नाही. आमच्या ओळखीतल्या एका बाईंचे खडे अगदी बारीक, चार मिलिमीटरचे. त्यांना अधूनमधून कळा यायच्या, पण ‘लहानच आहेत’ म्हणून त्या गप्प राहिल्या. एक दिवस डोळे पिवळे, लघवी गडद, थंडी वाजून ताप. खडा पित्तनलिकेत अडकला होता. आधी तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढावा लागला आणि मग पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली.

दुखतंय ते नक्की काय?

डॉक्टरांनी जाऊबाईंना विचारलं, “कुठं दुखतं, कधी, किती वेळ?” त्या म्हणाल्या, “छातीखाली जळजळतं, रोजच. पोट रिकामं असलं की जास्त. दोन घास खाल्ले की बरं वाटतं. पित्ताचाच त्रास आहे जुना.”

आपल्या भाषेनंच इथं फसगत केली. आपण ज्याला ‘पित्त झालं’ म्हणतो ते बहुधा जठरातलं आम्ल. पित्ताशयातलं पित्त वेगळं; ते यकृतात तयार होतं आणि तेलतुपाच्या पचनाला लागतं. खड्याचं दुखणं असं रोजचं, जळजळीचं नसतं. ते उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वर मधोमध एकदम उठतं, बरेचदा जड जेवणानंतर किंवा रात्री. अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत सलग राहतं आणि पाठीत, उजव्या खांद्याकडे जातं. उलटी होते, घाम फुटतो.

जाऊबाईंना असं कधीच झालं नव्हतं. म्हणजे त्यांचा खडा मुका. मुक्या खड्यांना बहुतेक वेळा हात लावत नाहीत, कारण अशा शंभर जणींमधल्या दोनतिघींनाच दरवर्षी त्रास सुरू होतो. मात्र एकदा जरी खरी कळ येऊन गेली, तर पित्ताशय काढण्याचा सल्ला देतात. कारण कळा पुन्हा येतात. खडा तीन सेंटिमीटरहून मोठा असेल तर त्रास नसतानाही शस्त्रक्रियेचा विचार करतात. आणि ताप, कावीळ किंवा पाच-सहा तासांत न थांबणारी कळ असेल तर घरी वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

कुळथाच्या पाण्याचं ऐकून डॉक्टर हसले. “अहो, कुळीथ लोक मूतखड्यासाठी घेतात. तो लघवीवाटे पडू शकतो. हा खडा लघवीच्या वाटेवर नाहीच. हा पडला तर पित्तनलिकेत पडेल, आणि ते आपल्याला नकोय!”

उपाशी राहण्याचा उलटा परिणाम

पण अर्ध्या भाकरीचं ऐकून ते हसले नाहीत. उपाशी राहिलं की पित्ताशय रिकामं होत नाही, पित्त साचून घट्ट होतं. शिवाय वजन झपाट्याने उतरलं की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. दोन्हींमुळे नवे खडे होतात. म्हणजे यकृताच्या भीतीने चाललेला उपास खड्याला खतपाणी घालत होता.

त्यांनी हिशेब घालून दिला. वजन 72 किलो. त्यातलं पाच टक्के, म्हणजे साडेतीन किलो उतरलं तरी यकृतातली चरबी कमी होते. सात टक्के, म्हणजे पाच किलो उतरलं तर सूजही ओसरू लागते. पण घाई नको, महिन्याला दोन किलोपेक्षा जास्त नाही. तीन वेळा वेळेवर जेवण, त्यात थोडं तेल हवंच, कारण त्यामुळेच पित्ताशय रिकामं होतं. बंद करायचा तो दिवसातल्या पाच चहांतला साखरेचा मारा, बिस्किटं आणि फरसाण. जादा साखर आणि पिठूळ अन्नाचीही यकृत चरबीच करतं, हे आपल्या ध्यानात येत नाही. ज्वारीची भाकरी चालेल, पण मोजून. सोबत डाळ, उसळ, पालेभाजी. आणि रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणं.

सहा महिन्यांत जाऊबाईंचं वजन साडेचार किलोंनी उतरलं. एसजीपीटी 64 वरून 38 वर आला, साखरही मर्यादेत आली. जळजळीसाठी दिलेल्या गोळ्यांनी ती थांबली. नव्या सोनोग्राफीत यकृताला ‘ग्रेड वन’ लिहून आलं आहे. खडा आहे तिथंच आहे, नऊचा नऊ, आणि मुकाच.

परवा शेजारच्या काकू त्यांचा स्वतःचा रिपोर्ट घेऊन आल्या. जाऊबाईंनी चष्मा लावला आणि पहिला प्रश्न विचारला, “ग्रेड राहू द्या काकू. आधी सांगा, सोनोग्राफीला उपाशीपोटी गेला होतात का?”